नाक खाली ओढणारा वेग

१९४१ साली अमेरिकेत लॉकहीड कंपनीच्या पी-३८ या नव्या लढाऊ विमानाच्या चाचण्या चालू होत्या. दोन इंजिनांचे हे विमान त्या काळाच्या मानाने विलक्षण वेगवान होते, आणि त्याची खोड त्या वेगातच दडलेली होती. खूप उंचावरून सूर मारला की काही क्षणांतच शेपटी थडथडू लागे. मग वैमानिकाने काही न करता नाक आणखी खाली जाई, आणि दांडा दोन्ही हातांनी पोटाशी ओढला तरी विमान दाद देत नसे. मेजर सिग्ना गिल्की यांच्यावर हा प्रसंग आला, तेव्हा ते विमान सोडून पॅराशूटने बाहेर पडले नाहीत. बसल्या जागी शेपटीचा ट्रिम थोडा थोडा फिरवत राहिले. विमान खालच्या दाट हवेत आले आणि हळूहळू सरळ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॅल्फ व्हर्डन या चाचणी वैमानिकाचे विमान मात्र अशाच सुरातून वर येताना शेपटी तुटून कोसळले आणि त्यात ते मृत्यू पावले.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय शेपटीवर होता. शेपटी थडथडते म्हणजे शेपटीतच काहीतरी बिघाड असणार, हा तर्क सरळ होता, पण चुकीचा. दुखणे पंखात होते. त्याला आज वैमानिक ‘मॅक टक’ म्हणतात. मुंबईहून दिल्लीला जाणारे साधे प्रवासी जेटसुद्धा या दुखण्याच्या हद्दीपासून फार लांब उडत नाही. ते तिथे निर्धास्त उडते, कारण त्याच्या शेपटीला वेळच्या वेळी थोडीशी वळवणारी एक छोटी यंत्रणा असते. तिचे नाव मॅक ट्रिमर.

विमानाचा तोल कसा राहतो, हे आधी पाहू. पंख विमानाला वर उचलतात. ही सगळी उचल जणू एका बिंदूत एकवटली आहे असे धरता येते. हा बिंदू बहुतेक विमानांत वजनाच्या केंद्राच्या किंचित मागे असतो, त्यामुळे विमानाचे नाक कायम खाली जाऊ पाहते. तो कल मोडण्यासाठी शेपटीचा आडवा पंख खालच्या दिशेने दाब देतो. विमान हवेत तरंगत असताना त्याची शेपूट खाली ढकलत असते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण आहे तसेच. बैलगाडीत भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते आणि पुढे आला की जू बैलांच्या मानेवर बसते. इथेही सगळा खेळ भार आणि टेकू यांच्या अंतराचा आहे. फरक एवढाच की गाडीत भार सरकतो आणि विमानात टेकूच सरकतो.

तो का सरकतो, हे कळायला ध्वनीच्या वेगापाशी जावे लागते. जमिनीजवळ १५ अंश तापमानाला ध्वनी ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर जातो. ३५,००० फुटांवर हवा उणे ५४ अंशांइतकी थंड असते आणि तिथे हाच वेग सुमारे १,०६५ किलोमीटरवर येतो. विमानाचा वेग ध्वनीच्या किती पट आहे, हे मॅक अंक सांगतो. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए-३२० प्रवासात ०.७८ मॅकच्या आसपास असते, म्हणजे ध्वनीच्या वेगाला बरेच कमी पडते.

हे झाले विमानाचे. पंखावरून जाणाऱ्या हवेचे गणित वेगळे आहे. पंखाच्या फुगीर वरच्या बाजूवरून जाताना हवेला वेग घ्यावा लागतो. त्यामुळे विमान ०.७५ किंवा ०.८ ला असतानाच पंखाच्या वरच्या पट्ट्यात हवा मॅक १ ओलांडून गेलेली असते. हा पट्टा संपतो तिथे हवेला एकदम मंद व्हावे लागते, आणि ते होते एका अतिशय पातळ, तीव्र दाबाच्या पडद्यापाशी. त्याला शॉक वेव्ह म्हणतात. कधी कधी ऊन विशिष्ट कोनातून पडले तर खिडकीतून पंखावर ती एका थरथरत्या सावलीच्या रेघेसारखी दिसतेही. पुढच्या वेळी पंखाजवळची जागा मिळाली तर पाहा; दिसेलच याची खात्री नाही.

विमानाचा वेग वाढतो तसतशी ही रेघ पंखावर मागे मागे सरकते. तिच्या पुढचा सगळा भाग ध्वनीहून वेगवान हवेखाली येतो आणि तिथे उचल मिळत राहते. म्हणजे पंखाची उचल मागच्या भागात जास्त वाटली जाते आणि तिचा बिंदू मागे जातो. सावकाश वेगात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक चतुर्थांशावर असतो. हवा पूर्णपणे ध्वनीहून वेगवान झाली की तो जवळजवळ मध्यावर जातो. पंख चार मीटर रुंद असेल तर तब्बल एक मीटरचा हा फरक आहे.

प्रवासी विमानाला या प्रवासाचा फक्त सुरुवातीचा तुकडा भोगावा लागतो. तरी तो किरकोळ नाही. विमान ६५ टनांचे आहे, शेपूट १६ मीटर मागे आहे आणि उचलीचा बिंदू केवळ १० सेंटिमीटर मागे गेला, असे धरा. तोल सांभाळायला शेपटीने आधीपेक्षा सुमारे ४०० किलो जास्त दाब द्यायला हवा. नाही दिला तर नाक खाली.

गंमत अशी की शेपटीला जास्त दाब द्यावा लागतो, नेमका त्याच वेळी तिचा दाब कमी होतो. पंख विमानाला वर उचलतो तो हवेला खाली लोटूनच, आणि ही खाली वळलेली हवा मागे जाऊन शेपटीवर वरून पडते. शेपटीच्या दाबाचा बराचसा भाग तिला या हवेकडून आयता मिळतो. शॉक वेव्ह जोरदार झाली की तिच्यामागची हवा पंखाला चिकटून राहत नाही. ती सुटते, घुसळते आणि खाली वळायची थांबते. शेपटीचा आयता दाब गेला. घुसळलेली हवा शेपटीवर आदळते म्हणून ती थडथडते. पी-३८ च्या अभियंत्यांना शेपटीत बिघाड आहे असे वाटले ते यामुळेच. मागे झुकलेल्या पंखांत आणखी एक भर पडते. धडाजवळ पंख जाड असल्यामुळे हवा तिथे आधी सुटते. पंखाचा हा भाग पुढे आणि टोके मागे असल्याने पुढची उचल जाते आणि मागची उरते.

इथपर्यंत नुसता तोल बिघडला आहे. खरा धोका पुढच्या पावलात आहे. नाक खाली गेले की विमान उतरू लागते आणि उतरताना वेग वाढतो. वेग वाढला की शॉक वेव्ह आणखी मागे जाते आणि नाक आणखी खाली जाते. सामान्य वेगात याच्या अगदी उलट घडते. विमान ठरल्या वेगापेक्षा जास्त धावू लागले की नाक आपोआप थोडे वर येते आणि वेग जागेवर येतो. जास्त वेगाने न्यायचे तर वैमानिकाला दांडा पुढे दाबून धरावा लागतो, आणि तो दाब सोडला की विमान परतते. वैमानिकाचा हात या सवयीवर तयार झालेला असतो. मॅक टकच्या पट्ट्यात हाच हात फसतो. तिथे वेग वाढला तर दांडा मागे ओढून धरावा लागतो, आणि जरा लक्ष विचलित झाले तर विमान स्वतःहून सूर मारायला निघते.

अमेरिका आणि युरोपच्या प्रमाणपत्र देणाऱ्या नियमांना हे मान्य नाही. जास्त वेगासाठी दाबावे लागले पाहिजे आणि कमी वेगासाठी ओढावे लागले पाहिजे, हे नाते ठरावीक वेगापर्यंत उलटे होता कामा नये, असा त्यांचा आग्रह असतो. मॅक ट्रिमर मुख्यतः या अटीसाठी जन्माला आला. सुरात सापडलेल्या विमानाला वाचवणारे यंत्र अशी त्याची कल्पना अनेकांच्या मनात असते, ती खरी नाही. तो सूर सुरू होऊच नये म्हणून आधीपासून चिमूटभर भरपाई करत असतो.

भरपाई शेपटीनेच का? पंखाचा आकार उडताना बदलणे अवघड आणि जड काम आहे. वजनाचे केंद्र मागे नेणे शक्य आहे, आणि कॉन्कॉर्डने तेच केले. ध्वनिवेग ओलांडताना ते पुढच्या टाक्यांतले इंधन पंपाने मागच्या टाकीत नेत असे. पण थोड्याशा फरकासाठी एवढा खटाटोप कोण करणार? शेपूट लांब मागे असल्याने तिथे थोडा दाब बदलला तरी पुरतो.

शेपटीतही दोन भाग आहेत, आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. पुढचा मोठा आडवा पंख म्हणजे स्टॅबिलायझर आणि त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी पट्टी म्हणजे एलिव्हेटर. दांडा ओढला की हलतो तो एलिव्हेटर. मंद हवेत पट्टी वर वळली की तिचा परिणाम पुढच्या मोठ्या पंखावरही पोचतो, कारण दाबातला बदल हवेतून पुढे जातो. शेपटीवरही शॉक वेव्ह तयार झाली की हा निरोप तिला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. पट्टी वळते, पण काम फक्त पट्टीपुरते होते. १९४७ मध्ये बेल एक्स-१ या प्रायोगिक विमानात चक येगर यांना ०.९४ मॅकच्या आसपास हेच अनुभवायला मिळाले: दांडा ओढला, विमान हलले नाही. त्यांचे सहकारी जॅक रिडली यांनी एलिव्हेटर सोडून अख्खा स्टॅबिलायझरच वळवायला सुचवले. ते लागू पडले, आणि १४ ऑक्टोबर १९४७ ला येगर ध्वनिवेगापलीकडे गेले.

प्रवासी विमानांत आज दोन्ही पद्धती आहेत. बोइंग ७५७ आणि ७६७ मध्ये मॅक ट्रिम स्टॅबिलायझर हलवतो. ७३७ मध्ये तो एलिव्हेटरला धरतो. हे वरच्या परिच्छेदाशी विसंगत वाटेल, पण ७३७ चा ट्रिमर एलिव्हेटर दुबळा होण्याच्या कितीतरी आधी, ०.६१५ मॅकलाच कामाला लागतो, आणि त्याला करायची भरपाईही थोडी असते. नव्या ७३७ मध्ये हे असे घडते: विमानाच्या नाकाजवळच्या नळ्या समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब मोजतात. या दोहोंच्या गुणोत्तरातून मॅक अंक निघतो, तापमानाची गरजही पडत नाही. उड्डाण नियंत्रक संगणक त्या मॅक अंकाला एलिव्हेटर किती वर हवा ते ठरवतो, आणि एक छोटी मोटर एलिव्हेटरची ‘मधली’ जागाच थोडी सरकवते. दांड्याची विश्रांतीची जागाही तिच्याबरोबर सरकते. वैमानिकाला काहीच जाणवत नाही, आणि न जाणवणे हेच या यंत्रणेचे यश. ऑटोपायलट चालू असो वा नसो, ती काम करते.

७३७ मॅक्सच्या अपघातांनंतर शेपटीला आपोआप हात लावणाऱ्या कुठल्याही यंत्रणेकडे लोक संशयाने पाहतात, म्हणून एक फरक सांगून टाकतो. मॅक्समधली एमकॅस नाक वर जास्त चढले की ते खाली ढकलत असे. ती स्टॅबिलायझर मोठ्या झटक्याने फिरवत असे आणि त्यासाठी एकाच संवेदकावर विसंबून होती. मॅक ट्रिम नाक वर धरतो, थोडेच धरतो आणि हलका असतो.

तो बंद पडला तर? ७३७ मध्ये दोन संगणक असल्याने एक गेला तरी दुसरा काम उचलतो. दोन्ही गेले तर वरच्या पटलावर ‘मॅक ट्रिम फेल’ असा दिवा लागतो, आणि वैमानिकांच्या पुस्तकात लगेच वेगाची नवी कमाल मर्यादा येते. वेग कमी ठेवला की शॉक वेव्ह जोर धरत नाही, मग भरपाईचीही गरज उरत नाही. विमान सुखरूप पोचते, थोडे उशिरा.

वेगाची मर्यादा ओलांडली तर पंख थरथरू लागतो आणि कॉकपिटमध्ये कर्कश खटखटाट सुरू होतो. अशा वेळी इंजिनांचा जोर कमी करायचा आणि दांडा हळू ओढायचा. घाबरून ट्रिम भराभर नाक-वर फिरवण्याचा मोह इथे धोक्याचा असतो. विमान खाली येते तशी हवा उबदार होते, ध्वनिवेग वाढतो आणि मॅक अंक आपोआप उतरतो. मॅक टक ओसरतो, एलिव्हेटरची ताकद परत येते, आणि साठवून ठेवलेला सगळा ट्रिम एकदम नाक वर फेकतो. पंखांवर तेव्हा येणारा भार विमान मोडू शकतो. गिल्की यांनी ट्रिम थोडा थोडाच फिरवला होता, हे त्यामुळे लक्षात ठेवण्यासारखे.

मर्यादेच्या पलीकडे काय होते, याचा हिशेब ठेवलेला एक दाखला आहे. २१ ऑगस्ट १९६१ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्‌स हवाई तळाच्या परिसरात डग्लस कंपनीच्या डीसी-८ या प्रवासी जेटला मुद्दाम सूर मारायला लावला गेला. विमान कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला दिले जाणार होते. पंखाच्या पुढच्या कडेचा नवा आकार तपासायचा होता, आणि कंपनीला ध्वनिवेग ओलांडलेले पहिले प्रवासी जेट म्हणून मिरवायचेही होते. विल्यम मॅग्रुडर यांनी ते ५२,०९० फुटांवर नेले आणि नाक खाली घातले. सोबतीला एफ-१०४ मध्ये येगर होतेच.

मॅग्रुडर यांनी एक खबरदारी घेतली होती. सुरासाठी त्यांनी ट्रिम बदलला नाही, नुसता दांडा सुमारे २३ किलोच्या जोराने पुढे दाबून धरला. हात सोडला की विमान आपोआप वर यावे, हा हिशेब. ४१,०८८ फुटांवर त्यांनी १.०१२ मॅक गाठला आणि विमान सुमारे १६ सेकंद ध्वनीहून वेगाने गेले. मग वर यायची वेळ आली. त्यांनी दांडा ओढला. काही झाले नाही. स्टॅबिलायझर फिरवायचे बटण दाबले; तोही हलेना. शेपटीवर एवढा भार आला होता की स्टॅबिलायझरची मोटर जागीच अडकून पडली होती. विमानात मॅक टकसाठी भरपाई करणारी यंत्रणा होती, पण ती या वेगासाठी बनवलेलीच नव्हती.

त्या वेळी विमानात असलेले चाचणी अभियंता रिचर्ड एडवर्ड्‌स यांनी पुढे अनेक वर्षांनी हा प्रसंग सांगितला. मॅग्रुडर यांनी तेव्हा जे केले ते दुसऱ्या कुणाला सुचले नसते, असे त्यांचे म्हणणे. नाक वर हवे असताना मॅग्रुडर यांनी दांडा आणखी पुढे ढकलला, सूर अधिक तीव्र केला. त्याने शेपटीवरचा भार हलका झाला, अडकलेली मोटर सुटली, स्टॅबिलायझर फिरला, आणि सुमारे ३५,००० फुटांवर विमान सरळ झाले.

पुढच्या पिढीने या दुखण्याचे मूळच बरेच बोथट केले. १९६० च्या दशकात नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी वरून चपटा असलेला पंख घडवला. त्यावर शॉक वेव्ह उशिरा येते, मागे येते आणि कमजोर असते. आजच्या बहुतेक जेटचे पंख या वळणावर गेलेले आहेत. ए-३२० सारख्या विमानांत तर वेगळा मॅक ट्रिमर उरलेलाच नाही. दांडा आणि शेपूट यांच्या मधले संगणकच हा हिशेब आपल्या कामात करून टाकतात.

डीसी-८ चे ते विमान तपासून कॅनेडियन पॅसिफिकला दिले गेले आणि पुढे बरीच वर्षे प्रवासी घेऊन उडत राहिले, पुन्हा कधीही ध्वनिवेग न ओलांडता.